ठोंब्याची तिसरी किडनी

मी माझ्या धाकट्या भावाला किडनी दिली. ही गोष्ट मी दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगतेच, कुणी विचारो वा न विचारो. माझं मोटार शिकवण्याचं स्कूल आहे. शेजारच्या सीटवरचा माणूस पहिल्यांदा स्टिअरिंग हातात घेऊन घामाघूम झालेला असतो, त्याला पळून जायची सोय नसते. मग मी सांगते, "घाबरता कशाला? मी एका किडनीवर गाडी चालवते, तुम्हाला दोन असून जमत नाही?" काही जण हसतात, काही जण दचकून क्लच सोडतात आणि गाडी बंद पडते.

दिल्याचं बोलून दाखवू नये म्हणे. का बरं? अहो, पोटातला अवयव काढून दिलाय, शेजारणीला वाटीभर साखर नाही दिली! मी बोलणार. माझं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी मी वॉर्डातल्या नर्सला गाडी रिव्हर्स कशी घ्यायची ते समजावत होते. आणि किडनी कसली होती म्हणता! टाके घालून होतायत तोवर तिनं टेबलावरच काम सुरू केलं. मी शुद्धीवर आले तेव्हा सर्जन स्वतः येऊन म्हणाले, "लघवी सुरू झाली." एवढ्या आनंदाची बातमी मी आयुष्यात ऐकली नव्हती.

भाऊ शाळेत भूगोल शिकवतो. आम्ही घरात त्याला ठोंब्या म्हणतो, कारण लहानपणी हाक मारली की तो जागेवरच उभा राहायचा आणि 'काय' म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या किडन्या गेल्या त्या दारूनं नाही, की कुठल्या वाईट सवयीनं नाही. जंतूंशी लढण्यासाठी रक्तात जी द्रव्यं असतात तीच त्याच्या किडनीच्या चाळणीत जाऊन साठली आणि चाळणी हळूहळू निकामी झाली. तेव्हापासून त्याचा आपल्या अंगावरचा विश्वासच उडाला. "माझं अंगच माझ्या मुळावर उठलंय, ताई," असं तो डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या म्हणायचा. मला त्याचा राग यायचा, पण त्यावर काय बोलणार? खरंच होतं ते.

ऑपरेशनआधी किडनीच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. बारीक चणीच्या, चष्मा केसांत अडकवून तोच शोधणाऱ्या, पण बोलायला रोखठोक. त्या मला म्हणाल्या, "तुमची किडनी कितीही चांगली असली तरी त्यांच्या शरीराला ती परकीच."

"परकी?" मी खुर्चीतून उठलेच. "एका आईच्या पोटची आम्ही!"

"म्हणूनच निम्म्या खुणा जुळल्यात. पण निम्म्या जुळल्या नाहीत ना. प्रत्येक पेशीच्या अंगावर आपल्या ओळखीच्या खुणा असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फिरत फिरत त्या बघत असतात. खूण वेगळी दिसली की त्या बाकीच्यांना बोलावतात आणि हल्ला करतात. तुम्ही बहीण आहात हे त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगते की."

मॅडम हसल्या. "तुमचं ऐकणार नाहीत. म्हणून गोळ्या. जन्मभर. त्या गोळ्या या पेशींना पेंगुळलेलं ठेवतात. पार झोपवायचं नाही, कारण याच पेशी जंतूंवरही पहारा करतात. किडनीला सोडा आणि जंतूंना धरा, असं त्यांना वेगळं शिकवता येत नाही. गोळी कमी पडली तर किडनी जाईल, जास्त झाली तर साधा जंतू जिवावर उठेल."

हे मात्र मला चटकन कळलं. माझ्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस भिंतीवर निघाला की मी तो दाबते. पण मी पाय त्याच्यावरून काढलाच नाही तर मागून येणारा ट्रक आम्हाला चुकवणार थोडाच!

तर किडनी बसली. जुन्या दोन काही काढत नाहीत, त्या मागे तशाच वाळत राहतात. नवी पुढं पोटात, उजवीकडे खाली बसवतात. म्हणजे ठोंब्याकडे तीन आणि माझ्याकडे एक, हा विनोद मी इतक्या वेळा केला की त्याच्या बायकोनं शेवटी हात जोडले. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते आणि घरात तिच्या नजरेतून काही सुटत नाही. उघड्यावरचं खाणं बंद, न शिजवलेलं बंद, कुंडीत हात घालायचा नाही, कुणी शिंकलं की खोली बदलायची. गोळ्यांची आठवड्याची डबी ती स्वतः भरायची. शाळेत तर पोरांनी त्याचं नाव मास्क सर ठेवलं. वर्गात कुणाला सर्दी झाली की मॉनिटर त्या पोराला आपणहून शेवटच्या बाकावर पाठवायचा.

पहिलं वर्ष असं झकास गेलं. क्रिॲटिनिन, म्हणजे रक्तातला तो कचरा ज्यावरून किडनी काम करते की नाही ते कळतं, १.१ वर खिळ्यासारखं. रिपोर्ट आला की मी माझ्या शिकाऊ मंडळींना पेढ्याऐवजी एक फेरी फुकट द्यायचे. औषधांचे डोसही मॅडमनी हळूहळू उतरवले.

दवाखान्यात किडनीवाल्यांचं एक बाक होतं. तपासणीच्या दिवशी सगळी जुनी मंडळी तिथं रांगेत मास्क लावून बसायची आणि नव्या माणसाला सल्ले द्यायची. त्यांच्यात छापखान्यातून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांना सगळे सीनियर म्हणायचे. त्यांची ही दुसरी बदललेली किडनी. पहिली गेली होती. ठोंब्याचं आणि त्यांचं चांगलं गूळपीठ जमलं. दुसऱ्या वर्षी ठोंब्याही बाकावरचा जाणता झाला. कोणत्या गोळीनं हात थरथरतात, कोणत्या गोळीनं तोंड सुजतं, सगळं पाठ. नवखे त्याला विचारायला यायचे आणि मला तो बसल्या जागी दोन इंच उंच झालेला दिसायचा. मी मनात म्हणायचे, बघा, हा माझा भाऊ.

मग एका तपासणीत १.४ आलं.

मॅडम म्हणाल्या, "थोडं वाढलंय. रक्त परत बघू. विषाणूची एक तपासणीही पाठवते, ती बाहेरच्या लॅबमध्ये जाते, रिपोर्ट यायला वेळ लागतो. तोवर गोळ्या आहेत तशाच. काही बदलायचं नाही." ठोंब्या बाहेर आला तो पांढराफटक पडलेला. सीनियरांनी एका नजरेत ओळखलं आणि त्याला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. मला वाटलं, धीर देतायत. वडीलधारा माणूस आहे, देऊ दे.

पुढच्या वेळी १.९. आणि रक्तातली मुख्य गोळीची पातळी, जी सकाळची गोळी घ्यायच्या आधी मोजतात, ती हवी त्याच्या दुप्पट. मॅडमनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला. तो त्यांना पहिल्या झटक्यात सापडला, यावरूनच मी काय ते समजले.

"किती घेताय?" त्यांनी विचारलं.

"लिहिलेत तेवढ्या," ठोंब्या म्हणाला.

"डबी मी भरते," भावजय फणकारली. "एक गोळी इकडची तिकडे होणार नाही. वाटल्यास मोजा."

मी ठोंब्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी माणसांच्या शेजारी बसून त्यांना खोटं बोलताना बघितलंय. 'मॅडम, मी आरसा बघितला होता,' असं म्हणतात आणि मान खाली घालून अंगठ्यानं नख खरवडतात. ठोंब्या नख खरवडत होता.

"ठोंब्या," मी म्हणाले, "बोल. नाहीतर इथंच कानाखाली वाजवीन."

तो बोलला. डोस उतरवला तेव्हाच्या उरलेल्या गोळ्या त्यानं शाळेतल्या कपाटात नकाशांच्या मागे ठेवल्या होत्या. १.४ ऐकल्यापासून रोज डबीतल्या गोळ्यांवर त्यातली एक सकाळी आणि एक संध्याकाळी. "वाढलं म्हणजे रिजेक्शन," तो खाली बघून म्हणाला. "बाकावर सगळ्यांना माहीत आहे. अंगानं किडनी परकी म्हणून ओळखली. मला माहीत होतं ते मी केलं. ताई, तू दुसरी देऊ शकत नाहीस."

भावजयीचे डोळे भरून आले होते, पण ते रागानं की कशानं हे तिलाही सांगता आलं नसतं. मी मात्र दार उघडून थेट बाकावर गेले आणि सीनियरांना असं काही झापलं की दोन वॉर्डबॉय बघायला आले. "तुम्ही काय डॉक्टर आहात? माझ्या भावाच्या पोटावर प्रयोग करता?"

सीनियर एवढंच म्हणाले, "माझी पहिली किडनी अशीच गेली हो. १.४, १.६, आणि मग संपलं. गोळ्या परवडत नव्हत्या म्हणून मी तेव्हा कमी घेत होतो. एक जास्त घेतली असती तर राहिली असती, असं रोज वाटतं. तेच त्याला बोललो." मग त्यांनी मास्क नाकावर ओढला आणि भिंतीकडे बघत बसले. मी आल्या पावली परत फिरले.

ठोंब्याला दाखल करून घेतलं. जादा गोळ्या बंद झाल्या आणि शाळेच्या कपाटातलं उरलेलं पाकीट मी जप्त करून माझ्या पर्समध्ये टाकलं. जास्त गोळीचाही किडनीवर भार येतो, तो गेल्यामुळे आकडा १.७ पर्यंत उतरला. पण तिथंच अडला. म्हणजे गोळीखेरीज आणखी काहीतरी होतं.

"रिजेक्शन असेल तर औषध द्या ना!" मी मॅडमच्या मागे लागले. "जोराचं स्टेरॉइड असतं ना शिरेतून द्यायचं? बाकावर सगळे सांगतात. वाट कसली बघताय? किडनी जाईपर्यंत?"

"बाकाला सांगा, मी आधी किडनीचा तुकडा बघणार," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आकडा फक्त एवढंच सांगतो की किडनीला त्रास होतोय. कोण देतंय ते सांगत नाही. रिजेक्शन असेल तर औषध वाढवायचं. जंतू असेल तर कमी करायचं. उलटं केलं तर तुमची किडनी मीच घालवीन."

मला कुणी असं गप्प केलेलं फारसं आठवत नाही.

सोनोग्राफीवर बघत बघत, जागा बधिर करून, पोटावरून सुई घातली आणि किडनीचे धाग्याएवढे दोन तुकडे काढले. नंतर रक्तस्राव नको म्हणून ठोंब्याला उताणं पडून राहायचं होतं. तो छताकडे बघत होता आणि मी त्याच्या पायाशी बसून त्याला शिव्या घालत होते. मध्येच तो म्हणाला, "किडनीला दुखलं असेल का गं?" मी म्हटलं, "माझी आहे ती, असल्या सुयांना भीक घालत नाही." तो हसला आणि लगेच पोट धरून 'आई गं' म्हणाला.

तुकड्याचा रिपोर्ट आला. नेहमीचा रंग घालून बघितलं तर रिजेक्शनसारखंच दिसत होतं म्हणे, सूज तीच, जमलेल्या पेशी त्याच. पण खास रंग घालून बघितल्यावर किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींच्या आत विषाणू सापडला. बाहेर पाठवलेल्या त्या तपासणीचा रिपोर्टही त्याच दिवशी आला. रक्तात तोच विषाणू, भरपूर. बीके म्हणतात त्याला.

"हा कुठून आला?" भावजयीनं विचारलं. "मी तर घरात शिंकसुद्धा येऊ देत नाही."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बहुतेकांना हा लहानपणीच होऊन जातो. सर्दीएवढाही त्रास देत नाही. मग किडनीत झोपून राहतो, जन्मभर. बदललेल्या किडनीत हा उठतो तेव्हा बऱ्याचदा तो त्या किडनीबरोबरच आलेला असतो."

मला समजायला एक क्षण लागला. म्हणजे माझ्या गुणी किडनीत भाडेकरू होता! आणि तो मी ठोंब्याच्या घरी सोडला होता. तोंडात मारल्यासारखं झालं मला. "माझ्यात होता?" मी विचारलं. "इतकी वर्षं? मग मला काही कसं झालं नाही?"

"कारण तुमच्या पेशी त्याला डोकं वर काढू देत नव्हत्या. तुम्हाला न सांगता, रोज. तुमच्याकडे तेवढा पहारा आहे. यांच्याकडचा आपण पेंगुळवला, मग हा उठला. वर यांनी आणखी गोळ्या घेऊन पहारेकऱ्यांना आणखी पेंगुळवलं."

खरं सांगते, एवढ्या वाईट बातमीतही मला जरा बरं वाटलं. माझं अंग न सांगता काम करतं! मी स्वतः तर भाजी आणली तरी सगळ्या गल्लीला सांगते.

"मग याच्यावरचं औषध द्या," मी म्हणाले.

"नेम धरून मारणारं खात्रीचं औषध नाही. एकच उपाय. एक गोळी आता निम्मी करू, मग बंद करू. मुख्य गोळीची पातळी खाली आणू. पेशींना जरा जागं करू आणि त्यांना लढू देऊ."

ठोंब्या उठून बसला. "आणि त्या जाग्या झाल्यावर ताईच्या किडनीवर गेल्या तर?"

"जाऊ शकतात," मॅडम म्हणाल्या. "तो धोका आहे. मी रक्त सारखं बघत राहीन. पण याशिवाय रस्ता नाही."

"माझ्या अंगावर विश्वास ठेवायचा?" तो म्हणाला. त्याच्या तोंडावर असं हसू होतं की मला बघवेना. "ज्यानं माझ्या दोन खाल्ल्या?"

गोळ्या कमी झाल्या.

ते महिने मी कसे काढले माझं मला माहीत. शिकाऊ मंडळींना शिकवताना माझं लक्ष नसायचं. एकीनं तर गाडी फूटपाथवर चढवली आणि मी 'छान' म्हणाले. मॅडमनी ठरवून दिलेल्या दिवशी रक्त, मग वाट, मग फोन. विषाणूचा आकडा आधी हललाच नाही. मग थोडा उतरला, पुन्हा थोडा उतरला. क्रिॲटिनिन १.७ वर. सगळं बरं चाललंय म्हणेपर्यंत एक दिवस भावजयीचा फोन आला. "वन्सं, आज १.९ आलंय." ती मला वन्सं फक्त घाबरली की म्हणते.

मॅडमचं म्हणणं होतं, विषाणू उतरतोय, त्याअर्थी पेशी त्याच्या मागे लागल्यात, त्या झटापटीतही आकडा थोडा वर जाऊ शकतो. दोन-तीन दिवसांत परत बघू, तरीही चढला तर पुन्हा सुई घालू. गोळ्या वाढवायच्या नाहीत.

मला मात्र ऐकू येत होतं ते एकच, १.९. सीनियरांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. १.४, १.६, आणि मग संपलं. पेशी जाग्या झाल्या आणि त्यांना माझी किडनी दिसली, असंच मी धरून चालले. शिकाऊला मी मधल्या चौकात उतरवलं, "आज एवढंच," म्हणाले आणि गाडी सरळ ठोंब्याच्या शाळेवर घातली.

मधली सुट्टी होती. ठोंब्या भूगोलाच्या खोलीत एकटाच डबा खात होता, मास्क हनुवटीवर. खिडक्या सगळ्या उघड्या, भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर पोरांच्या वह्या. मी दार लावलं, पर्स उघडली आणि ते पाकीट त्याच्यापुढे ठेवलं.

"एक घे," मी म्हणाले. "आज एकच. कुणाला कळणार नाही."

त्यानं पाकिटाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "तू सांगतेयस? तू?"

"हो, मी. तुझं अंग माझ्या किडनीवर उठलंय, ठोंब्या. मला आतून कळतंय. घे म्हणते ना!"

"नाही," ठोंब्या म्हणाला.

आता हे समजून घ्या. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. त्याची शाळा मी ठरवली, त्याच्या लग्नाचा सूट मी ठरवला, त्याला किडनी कुणाची घ्यायची तेही मीच ठरवलं. तो नको नको म्हणत होता, तेव्हाही मी तपासण्या करूनच घरी गेले होते. 'नाही' हा शब्द त्यानं मला असा, डोळ्यांत डोळे घालून, आजवर कधी म्हटला नव्हता.

"ताई, मी ही गोळी आत्ता घेतली तर लढणारे परत पेंगतील," तो म्हणाला. आवाज अगदी वर्गात शिकवताना असतो तसा. "विषाणू उतरतोय. औषधानं नाही उतरत, औषध तर आपण काढून घेतलंय. मग कोण उतरवतंय? मी रोज सकाळी उठून हाच विचार करतो. कोण उतरवतंय?"

मी पाकीट त्याच्यापुढे आणखी सरकवलं.

"मला भीती वाटत नाही असं नाही. पण एकदा या पेशींना संधी देऊन बघतो. गेली तर गेली. तू मला मार मग."

त्यानं पाकीट उचलून माझ्या पर्समध्ये परत ठेवलं आणि चेन स्वतः लावली. घंटा झाली. पोरं दाराशी घोळका करून उभी होती, दार ढकलत होती. त्यानं मास्क वर घेतला, डबा बंद केला आणि मला म्हणाला, "आता जा, माझा तास आहे." कुणाच्या सांगण्यावरून मी कधी कुठून गेले नाही, पण तेव्हा गेले. वाटेत दवाखान्यात थांबले आणि ते पाकीट औषधांच्या खिडकीवर परत करून टाकलं.

पुढचं रक्त १.८ आलं. मग १.६. सुई पुन्हा लागली नाही. विषाणू प्रत्येक तपासणीत उतरत गेला आणि शेवटी एका सकाळी मॅडमनी संगणकाचा पडदाच आमच्याकडे वळवला. रक्तात विषाणू आढळला नाही. क्रिॲटिनिन १.५.

"१.१ आता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "थोडे व्रण राहिलेत. पण १.५ वर ही किडनी पुष्कळ वर्षं चालू शकते. गोळ्या कमीच ठेवू, तपासण्या चालूच राहतील. आणि एक सांगते, याचं श्रेय मला देऊ नका. मी फक्त बाजूला झाले. हे यांच्या अंगानं केलंय."

ठोंब्यानं नुसता स्वतःच्या दंडावर हात ठेवला, एखाद्या पोरानं चांगला पेपर लिहिला की तो त्याच्या खांद्यावर ठेवतो ना, तसा. आणि तिथं, मॅडमसमोर, तो सहा फुटी गडी ढसाढसा रडला. भावजयही रडली. मी रडले नाही असं मी सगळ्यांना सांगते.

बाहेर बाकावर त्यानं सीनियरांना मिठी मारली नाही, कारण तिथं कुणी कुणाला मिठी मारत नाही, पण हातभर अंतरावरून त्यांना सगळं सांगितलं. सीनियर म्हणाले, "म्हणजे आपलं अंग आपल्या बाजूनं पण असतं म्हणायचं," आणि मास्कच्या वर त्यांचे डोळे हसले.

गाडीत बसल्यावर ठोंब्यानं मला विचारलं, "ताई, राग नाही ना आला? त्या दिवशी शाळेत मी तुला तसं म्हणालो."

"फार आला," मी म्हणाले.

"आणि आत्ता?"

मी गाडी सुरू केली, आरसा बघितला, आणि मला एकदम इतका अभिमान दाटून आला की गिअर टाकता येईना. माझ्या किडनीचा नव्हे. तिचं कौतुक पुष्कळ झालंय. "आत्ता ऐक," मी म्हणाले. "उद्यापासून माझ्या शेजारी जो कुणी शिकायला बसेल, त्याला मी एवढंच सांगणार आहे. माझ्या भावाच्या अंगात मला नाही म्हणायची ताकद आहे, आणि म्हणून तो जिवंत आहे."